चिठ्ठीत ‘छत्री’ निघाली आणि हातात एकच मिनिट आहे

आमच्या सोलापूरच्या वक्तृत्व मंडळात महिन्यातून दोन रविवारी शेंगाचटणीचा एक रिकामा डबा फिरतो. त्यात घडी घातलेल्या चिठ्ठ्या असतात आणि प्रत्येक चिठ्ठीवर एकच शब्द. नाव पुकारलं की उठायचं, चिठ्ठी काढायची, सूत्रसंचालकाच्या हातात द्यायची. तो शब्द मोठ्यानं वाचतो आणि आपण एक मिनिट बोलायचं. तयारीला वेळ नाही, कागद नाही.

शाळा-कॉलेजात याला उत्स्फूर्त भाषण म्हणतात. टोस्टमास्टर्स क्लबांमध्ये हाच प्रकार ‘टेबल टॉपिक्स’ या नावानं चालतो. राल्फ स्मेडली यांनी १९२४ साली कॅलिफोर्नियातल्या सांता अ‍ॅना इथं पहिला क्लब सुरू केला, आज तसे क्लब जगभर आहेत. तिथं बोलायला साधारण एक ते दोन मिनिटं मिळतात. आमच्याकडे मात्र एकच मिनिट, कारण सभेला माणसं पुष्कळ असतात आणि प्रत्येकाला पाळी मिळावी असा आग्रह असतो.

गेली चार वर्षं मी तिथं वेळ मोजायला बसते. माझ्यापुढं एक घड्याळ आणि तीन पुठ्ठे असतात. तिसाव्या सेकंदाला हिरवा दाखवायचा, पंचेचाळिसाव्याला पिवळा, साठाव्याला लाल. या खुर्चीत बसून एक गोष्ट फार लवकर लक्षात आली. नवीन माणसाला भीती असते ती मिनिट पुरणार नाही याची. प्रत्यक्षात तो हिरवा पुठ्ठा दिसायच्या आतच थांबतो. विसाव्या-बाविसाव्या सेकंदाला बोलणं संपतं आणि मग उरतं ते ‘तर… म्हणजे… असं आहे’. सभा संपली की तोच माणूस खाली पार्किंगमध्ये उभा राहून दहा मिनिटं सलग आणि छान बोलतो. म्हणजे शब्द तर त्याच्याकडे असतात. मग वर उभं राहिल्यावर ते जातात कुठं?

विसाव्या सेकंदाला काय होतं

एकदा चिठ्ठीत ‘छत्री’ हा शब्द निघाला. बँकेत नोकरी करणारा एक तरुण उठला होता. तो म्हणाला: ‘छत्री ही अत्यंत उपयोगी वस्तू आहे. छत्री ऊन आणि पाऊस यांपासून आपलं रक्षण करते. छत्र्या वेगवेगळ्या रंगांच्या आणि आकारांच्या असतात. लहान मुलांनाही छत्री आवडते.’ घड्याळात अठरा सेकंद झाले होते. पुढं त्यानं ‘छत्री’ हा शब्द आणखी दोनदा म्हटला, छताकडे पाहिलं आणि धन्यवाद म्हणून बसला.

तो घाबरट नव्हता. आवाज चांगला होता, उच्चार स्वच्छ होते. चूक वाक्यांच्या जातीत होती. चारही वाक्यं शाळेतल्या निबंधाची, म्हणजे वर्णनाची. वर्णनाच्या एका वाक्यातून दुसरं वाक्य निघत नाही. ‘छत्र्या वेगवेगळ्या रंगांच्या असतात’ हे म्हणून झाल्यावर पुढं काय, याचं उत्तर त्या वाक्यात नाहीच. प्रत्येक वेळी डोक्यात नव्यानं हुडकायला जावं लागतं. समोर वीस-पंचवीस माणसं बघत असताना असं चार वेळा जमतं, पाचव्या वेळी हात रिकामा येतो.

आता तोच तरुण पार्किंगमध्ये काय सांगत होता? सात रस्त्याला सिग्नलवर आपली गाडी कशी बंद पडली, मागचे कसे हॉर्न वाजवत होते, एका रिक्षावाल्यानं उतरून गाडी कशी ढकलली. यात काहीच हुडकावं लागत नाही. गाडी बंद पडली, हे सांगितलं की पुढचं वाक्य आपोआप तोंडात येतं, कारण ते त्याच क्रमानं घडलेलं असतं. घडलेल्या गोष्टीला स्वतःचा क्रम असतो. तो लक्षात ठेवायचा ताण डोक्यावर येत नाही. खाली लोकांशी बोलताना आपण सगळेच प्रसंग सांगतो आणि वर माईकपाशी गेलो की वर्णन करायला लागतो. अडचण इथंच आहे.

एक मिनिट म्हणजे शंभर-सव्वाशे शब्द

मिनिटभर बोलायच्या आराखड्याकडे जाण्याआधी एवढा एक हिशेब करू. शांतपणे, लोकांना कळेल असं मराठी बोलताना मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द होतात. वहीच्या एका पानापेक्षाही हा मजकूर कमी भरतो. एवढ्यात तीन मुद्दे मांडू म्हटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला पस्तीस-चाळीस शब्द येतात आणि तिन्ही अर्धवट राहतात. म्हणून एका मिनिटात एकच गोष्ट सांगायची.

आणि त्या शंभरातले वीस शब्द आपण सुरुवातीलाच कसे घालवतो तेही पाहा. ‘सन्माननीय व्यासपीठ, व्यासपीठावरील मान्यवर, आणि इथं जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, आज मला जो विषय मिळालेला आहे तो विषय आहे छत्री.’ हे नीट म्हणायला मी मोजलेले दहा-अकरा सेकंद लागतात. मिनिटाचा सहावा हिस्सा गेला आणि श्रोत्यांना नवीन काहीच मिळालं नाही, विषय तर सूत्रसंचालकानं आत्ताच वाचून दाखवलेला असतो.

आमच्याकडच्या एका ज्येष्ठ सभासदांना हे पटत नाही. व्यासपीठाला मान न देता बोलणं सुरू करणं त्यांना उद्धटपणाचं वाटतं. दहा मिनिटांच्या भाषणात त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. एका मिनिटात मात्र अध्यक्षांकडे पाहून हात जोडणं आणि ‘नमस्कार’ म्हणणं एवढ्यात तो मान पोचतो.

तीन भाग: मत, प्रसंग, परत

आता आराखडा. त्याचे भाग तीनच आहेत. आधी एका वाक्यात मत सांगायचं. मग ते मत ज्यातून झालं तो एकच प्रसंग सांगायचा. शेवटी त्या मताकडे परत यायचं.

सोलापुरी चादर डोळ्यांसमोर आणा. दोन्ही टोकांना पट्टा आणि मधे मोठं अंग. दोन्ही टोकांचे पट्टे एकमेकांशी जुळतात, म्हणून चादर पुरी झाल्यासारखी वाटते. एकीकडचा पट्टा नसेल तर कुणीतरी मोठ्या चादरीतून तुकडा फाडून दिल्यासारखं दिसतं. भाषणातही पहिलं मत आणि शेवटचं परतणं हे दोन पट्टे आहेत, प्रसंग हे अंग. प्रमाणही तसंच ठेवायचं: मताला सात-आठ सेकंद, प्रसंगाला पस्तीस-चाळीस, परतीला पंधराच्या आसपास.

मत म्हणजे असं वाक्य, ज्यावर समोरचा मान हलवेल किंवा ‘छे, असं काही नसतं’ म्हणेल. ‘छत्री उपयोगी आहे’ यावर कुणीच काही म्हणणार नाही, म्हणून ते मत नाही. ही परीक्षा साधी आहे. वाक्याच्या उलट बाजूनं बोलणारं एखादं शहाणं माणूस सापडू शकतं का, एवढंच बघायचं.

बोलायचा क्रम वेगळा, सुचायचा क्रम वेगळा

हा आराखडा बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतो आणि तरीही ते अडतात. याचं कारण मला बरेच दिवस कळत नव्हतं. मग बोलून बसलेल्या माणसांना विचारायला लागले, की उठताना तुम्ही काय शोधत होता. जवळपास सगळ्यांचं उत्तर एकच, ‘सुरुवात कशी करू तेच सुचत नव्हतं.’ म्हणजे पहिला भाग पहिल्यांदा बोलायचा, म्हणून ते पहिल्यांदा तोच शोधत होते. मत हवेतून काढायला गेलं की पुन्हा निबंधाचीच वाक्यं हाती लागतात.

शोधायचा क्रम असा ठेवा: आधी मधला भाग. चिठ्ठीतला शब्द ऐकला की त्या शब्दाची व्याख्या करू नका, फायदे-तोटे मोजू नका. ती वस्तू किंवा ती गोष्ट असलेलं स्वतःच्या आयुष्यातलं एक चित्र डोळ्यांसमोर येऊ द्या. कुठं होतो, सोबत कोण होतं, आणि काय बिघडलं किंवा अडलं? या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की प्रसंग तयार. मग स्वतःला चौथा प्रश्न विचारायचा, त्यातून मला काय कळलं? त्याचं उत्तर हेच तुमचं पहिलं वाक्य आणि हेच तुमचं शेवटचं वाक्य. म्हणजे डोक्यात धरायला तीन वस्तू नाहीत, दोनच आहेत.

एवढं करायला वेळ कुठं असतो? असतो. खुर्चीतून उठून माईकपर्यंत जायला आमच्या सभागृहात सात-आठ पावलं लागतात. माईक खाली-वर करायला दोन-तीन सेकंद जातात. आणि मी घड्याळ चालू करते ते पहिल्या शब्दाला, माईकपाशी पोचल्यावर नाही. तिथं उभं राहून तीन सेकंद गप्प राहिलात तर ते तुमच्या मिनिटातून जात नाहीत. बोलणाऱ्याला ते तीन सेकंद फार लांब वाटतात, ऐकणाऱ्याला वाटतं की माणूस शांत आहे.

तीच छत्री, दुसऱ्यांदा

काही महिन्यांनी डब्यातून पुन्हा ‘छत्री’ निघाली. या वेळी उठल्या त्या पूर्व भागात राहणाऱ्या एक ताई. घरी तेलुगू बोलतात, मराठी सभेत बोलायची त्यांची ती तिसरीच वेळ. त्या माईकपाशी आल्या, थोडं थांबल्या. त्यांचं बोलणं त्यांच्या परवानगीनं जसंच्या तसं देते.

‘छत्री कुणाच्या डोक्यावर धरली आहे ते बघा, त्या घरात काय जपतात ते कळतं.

मी सातवीत होते. आई घरी बिड्या वळायची. संध्याकाळी माल द्यायला आम्ही दोघी कारखान्यात निघालो. घरात छत्री एकच. अर्ध्या रस्त्यात पाऊस आला. मला वाटलं, आई छत्री माझ्यावर धरेल. तिनं ती बिड्यांच्या पिशवीवर धरली. ती भिजली, मी भिजले. मी रुसले. कारखान्यात आमच्या पुढच्या बाईच्या बिड्या ओल्या निघाल्या. त्या बाजूला काढल्या, मोजल्याच नाहीत. आमच्या सगळ्या मोजल्या. परत येताना पाऊस चालूच होता. पिशवी रिकामी होती. आईनं छत्री माझ्या डोक्यावर धरली.

आज माझ्या घरात चार छत्र्या आहेत. पण पाऊस आला की मी अजून बघते, कुणाची छत्री कशावर आहे. ती जिथं असते तिथं त्या घराची मजुरी असते, नाहीतर त्या घराचं लेकरू असतं.’

लाल पुठ्ठा मी उचलला तेव्हा त्या खाली उतरत होत्या.

आता हे उसवून बघू. पहिलं वाक्य ऐकल्यावर लगेच पटत नाही. छत्रीवरून घरात काय जपतात ते कसं कळेल, असा प्रश्न मनात येतो, आणि तो प्रश्न आला म्हणूनच आपण पुढचं ऐकतो. मग दुसऱ्याच वाक्यात त्या थेट सातवीत गेल्या आहेत. मधे ‘मला एक प्रसंग आठवतो, तो मी आज आपल्यासमोर सांगू इच्छिते’ असलं काही नाही. ‘मी सातवीत होते’ या तीन शब्दांत प्रसंग सुरू.

प्रसंगातली वाक्यं मोजून बघा. बहुतेक वाक्यं तीन ते सहा शब्दांची आहेत. ही केवळ शैली नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘माझ्या आईनं, जी घरी बिड्या वळायची आणि संध्याकाळी कारखान्यात न्यायची, तिनं त्या दिवशी पावसात…’ असं वाक्य सुरू केलं, तर ते पुरं होईपर्यंत बोलणाऱ्याला सुरुवात धरून ठेवावी लागते आणि ऐकणाऱ्यालाही. उत्स्फूर्त बोलताना माणूस हमखास इथंच अडकतो आणि ‘म्हणजे’ म्हणून नव्यानं सुरुवात करतो. क्रियापद लवकर आणलं की वाक्य बंद होतं, श्वास घेता येतो, आणि पुढचं घडलेलं समोर दिसतं. मराठीतला ‘म्हणजे’ मोजायला आमच्याकडे एक वेगळा सभासद बसतो. त्या दिवशी ताईंच्या नावापुढं त्याच्या वहीत एकही खूण नव्हती.

शेवटचा भाग पाहा. त्यांनी पहिलं वाक्य जसंच्या तसं पुन्हा म्हटलं नाही. सुरुवातीला ‘काय जपतात’ एवढंच होतं. शेवटी ते काय, ते उघड झालं: मजुरी किंवा लेकरू. मधल्या प्रसंगामुळं हे शब्द ऐकणाऱ्याला आता समजावून सांगावे लागत नाहीत. परत येणं म्हणजे हेच, पट्टा तोच पण आता त्यात विणलेलं दिसतं. पहिलं वाक्य नुसतं पुन्हा म्हटलं असतं, तर शाळेतल्या निबंधाच्या ‘म्हणूनच म्हणतात’सारखं वाटलं असतं.

मी त्यांना नंतर विचारलं, काय आधी सुचलं? त्या म्हणाल्या, ‘पिशवी दिसली डोळ्यांपुढं. बाकीचं चालत जाताना.’

पण विषयातलं काहीच माहीत नसेल तर?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि तो खरा आहे. छत्री सगळ्यांच्या घरात असते. एका रविवारी आयटीआयमध्ये शिकणाऱ्या एका मुलाला ‘कृत्रिम पाऊस’ निघाला. ढगांत मीठ किंवा सिल्व्हर आयोडाइडचे कण सोडून पाऊस पाडायचा प्रयत्न करतात, त्याला आपण कृत्रिम पाऊस म्हणतो. पुण्याच्या हवामान संस्थेनं याचे प्रयोग आपल्या सोलापूर भागातच केलेले आहेत. त्या मुलाला यातलं काही माहीत नव्हतं.

असं झालं की दोन वाटा दिसतात आणि दोन्ही वाईट. एक म्हणजे ऐकीव माहिती ठोकून देणं. सभेत कुणीतरी जाणकार बसलेला असतोच, आणि नसला तरी खोटी माहिती वीस जणांच्या घरी जाते. दुसरी वाट म्हणजे ‘मला या विषयावर काही माहीत नाही, क्षमस्व’ म्हणून बसणं.

त्या मुलानं तिसरं केलं. तो म्हणाला, ‘कृत्रिम पाऊस कसा पाडतात ते मला ठाऊक नाही. पण नळाला पाणी आलं नाही तर घरात काय होतं ते ठाऊक आहे, म्हणून तो पाडून बघायलाच हवा असं मला वाटतं.’ आणि मग त्यानं पाण्याच्या पाळीची एक रात्र सांगितली. पाणी काही दिवसांआड येतं, त्या रात्री दोन वाजता आलं, आजीनं सगळ्यांना उठवलं, आणि भरलेली घागर त्याच्या हातून जिन्यात सांडली. त्यासाठी कुणी त्याला रागावलं नाही. आजीनं जिन्यातलं पाणी फडक्यानं टिपून बादलीत पिळलं, लादी पुसायला. शेवटी तो म्हणाला, ‘विमानानं पाऊस पडेल की नाही, शास्त्रज्ञ बघतील. पण जिन्यातलं पाणी पिळून घेणाऱ्या बाईला विचारलं, तर ती म्हणेल, बघा प्रयत्न करून.’

विषयाच्या मध्यावर उभं राहता येत नसेल तर असं एक पाऊल बाजूला सरकायचं, जिथं आपला पाय जमिनीला टेकतो तिथं. मात्र एकच पाऊल. पावसावरून पाण्यावर येणं हे एक पाऊल. पावसावरून पाणी, पाण्यावरून वाट बघणं, वाट बघण्यावरून बारावीचा निकाल, ही तीन पावलं झाली, आणि तयार केलेलं भाषण विषयाला चिकटवलंय हे लोकांना लगेच कळतं. ओळखायची खूण अशी: शेवटच्या वाक्यात चिठ्ठीतला शब्द ओढूनताणून न आणता बसतो का? बसत असेल तर तुम्ही विषयावरच आहात.

प्रसंग रचून सांगितला तर चालेल का?

माझं मत, नको. नीतीचा मुद्दा बाजूला ठेवला तरी एक अडचण उरते. रचलेल्या प्रसंगाला घडल्याचा क्रम नसतो, तो बोलता बोलता तयार करावा लागतो. म्हणजे ज्या ओझ्यातून सुटायला आपण प्रसंगाकडे आलो, तेच ओझं परत डोक्यावर. रचलेले प्रसंग ऐकू येतात ते त्यातल्या ‘एक माणूस होता’, ‘एका गावात’ अशा शब्दांनी. खऱ्या प्रसंगात पिशवी असते, जिना असतो. स्वतःचा नसेल तर आईचा, शेजाऱ्याचा प्रसंग सांगा, पण ‘माझ्या शेजाऱ्यांचं सांगते’ असं म्हणून.

सगळ्यांनी हाच साचा वापरला तर सभा एकसुरी होणार नाही?

होऊ शकते, जर सगळ्यांची शेवटची वाक्यं उपदेशाची असतील. ‘म्हणून आपण सर्वांनी पाणी वाचवलं पाहिजे’ असं चार जणांनी म्हटलं की पाचव्याचं कुणी ऐकत नाही. पण त्याला तीन भाग कारण नाहीत. छत्री आणि घागर ही दोन्ही भाषणं एकाच आराखड्यातली आहेत, आणि ती ऐकताना ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

आराखडा जिथं खरोखर बसत नाही अशा जागा मात्र आहेत. सभेत अचानक कुणाला श्रद्धांजलीचे दोन शब्द बोलायला सांगितले, तर मत मांडत सुरुवात करू नये, सरळ त्या माणसाची आठवण सांगावी. आणि ‘सोलापूर बदललंय का’ असा काळाचा प्रश्न आला तर काल, आज, उद्या अशी तीन भागांची दुसरी विभागणी जास्त सोयीची पडते. मिलचे भोंगे होते तेव्हा, आता, आणि पुढं. तरी त्यातही ‘काल’मध्ये एक प्रसंग असला तरच ती उभी राहते.

वेळ बिघडतो तो कुठं, हे पुठ्ठ्यांवरून ओळखा

माझ्या खुर्चीतून हे स्पष्ट दिसतं. हिरवा पुठ्ठा वर गेला आणि बोलणारा अजून मतावरच असेल, तर तो मत समजावत बसलाय. मत समजावायचं नसतं, ते काम प्रसंग करतो. अशा वेळी चालू वाक्य संपवून सरळ ‘मी अमुक ठिकाणी होतो’ म्हणावं.

त्याहून जास्त वेळा दिसतं ते असं, की पिवळा पुठ्ठा आला आणि प्रसंगातली माणसं अजून घरातून निघालेलीच नाहीत. कोणता वार होता, मंगळवार की बुधवार, नाही, बुधवारच, कारण मंगळवारी बाजार असतो… हा सगळा भाग घडलेला असतो, म्हणून तो सुटत नाही. प्रसंग सांगताना सुरुवात शक्य तितकी उशिरा करायची, जिथं काही अडलं त्याच्या एक-दोन वाक्यं आधी. ताईंनी बिड्या वळण्याचं वर्णन केलं नाही, सूप, पानं, तंबाखू काही नाही. त्या थेट रस्त्यावर होत्या.

तरीही पिवळा पुठ्ठा आलाच आणि प्रसंग अर्धा असेल तर घाईघाईनं बोलू नका. घाईत शब्द एकमेकांत अडकतात आणि वेळ वाढतोच. अडचणीतून काय झालं एवढं एका वाक्यात सांगा, ‘शेवटी बिड्या वाचल्या, आम्ही भिजलो’, आणि परतीच्या वाक्यावर या. पिवळ्यानंतर पंधरा सेकंद असतात. परतीला नेमके तेवढेच लागतात, पुठ्ठ्यांची वेळ आम्ही तशीच बेतली आहे. परतीचं वाक्य आधीच हातात असल्याचा फायदा इथं कळतो. प्रसंग कापला तरी भाषण तुटत नाही.

घरी करायचं ते

घरच्या एका डब्यात वीस चिठ्ठ्या टाका. शब्द दुसऱ्या कुणाला तरी लिहायला सांगा, नाहीतर आपण सोपेच लिहितो. रोज एक काढा, दारापासून खिडकीपर्यंत चाला, आणि मोबाइलवर मिनिटभर रेकॉर्ड करा. ऐकताना आवाज कसा आहे, हात कसे हलले, याकडे सध्या लक्ष देऊ नका. एकच गोष्ट घड्याळावर पाहा: प्रसंगातलं पहिलं वाक्य कितव्या सेकंदाला आलं? सुरुवातीला ते पंचविसाव्या, तिसाव्या सेकंदाला येतं. ते दहाव्याच्या आत येईपर्यंत बाकी कशाला हात लावू नका.

बँकेतला तो तरुण महिनाभर हे करत होता. त्याची बायको चिठ्ठ्या लिहायची आणि शब्द मुद्दाम अवघड निवडायची. गेल्या सभेत त्याला ‘कुलूप’ निघालं. तो माईकपाशी आला, या वेळी त्यानं छताकडे पाहिलं नाही. म्हणाला, ‘कुलूप चोरासाठी नसतं, ते लावून जाणाऱ्याच्या झोपेसाठी असतं. परवा मी कोल्हापूरच्या गाडीत बसलो आणि पंढरपूर मागं पडल्यावर आठवलं…’ आणि सभागृहातल्या निम्म्या लोकांचा हात आपापल्या खिशातल्या किल्लीकडे गेला. घड्याळात तेव्हा नऊ सेकंद झाले होते.